दोन गोदामे, सहा डीलर आणि भाड्यातला फरक

एकच माल दोन गोदामांत ठेवलेला आहे आणि तो अनेक डीलरांकडे पोहोचवायचा आहे. प्रत्येक गोदामात किती साठा आहे ते माहीत आहे, प्रत्येक डीलरची मागणी माहीत आहे, आणि कोणत्या गोदामातून कोणत्या गावाला टनामागे किती भाडे पडते तेही माहीत आहे. कोणाचा माल कुठून पाठवला म्हणजे भाड्याचे एकूण बिल सर्वांत कमी येईल, या प्रश्नाला गणितात ‘वाहतूक समस्या’ म्हणतात. गोदामे कितीही असली तरी प्रश्न हाच राहतो. पण गोदामे दोनच असतील तर तो साध्या वजाबाकीने, कागदावर आणि अगदी अचूक सुटतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या पशुखाद्याच्या व्यवसायाचे एक उदाहरण घेता येईल. कंपनीचे एक गोदाम चाकणला आहे आणि दुसरे सांगलीला. चाकणला ९० टन माल आहे, सांगलीला ११० टन. पन्नास किलोची वीस पोती म्हणजे एक टन, तेव्हा दोन्हीकडे मिळून चार हजार पोती झाली. संगमनेर, बारामती, सातारा, पंढरपूर, कराड आणि कोल्हापूर अशा सहा गावच्या डीलरांची मागणीही मिळून २०० टनच आहे. खालच्या तक्त्यातले दर उदाहरणापुरते धरलेले आहेत. ते टनामागे रुपयांत आहेत.

| डीलर | मागणी (टन) | चाकणहून | सांगलीहून |
|---|---|---|---|
| संगमनेर | ३० | ५०० | ११५० |
| बारामती | ४० | ५५० | ७०० |
| सातारा | ३५ | ६०० | ५४० |
| पंढरपूर | ३० | ९०० | ६०० |
| कराड | २५ | ७५० | ३५० |
| कोल्हापूर | ४० | ९५० | ३०० |

ज्या गावाला जे गोदाम स्वस्त पडते तिथूनच त्याचा माल पाठवावा, हा विचार सर्वांत आधी सुचतो. तसे केल्यास संगमनेर आणि बारामती चाकणकडे जातात आणि उरलेली चार गावे सांगलीकडे. एकूण भाडे ९४,६५० रुपये होते. याहून कमी भाडे कोणत्याही मांडणीत शक्य नाही, कारण प्रत्येक टन आपल्या सर्वांत स्वस्त वाटेने निघाला आहे. अडचण इतकीच की या चार गावांची मागणी १३० टन आहे आणि सांगलीत आहेत ११० टन. तिकडे चाकणला २० टन पडून राहतात. म्हणजे सांगलीच्या वाट्याचे २० टन चाकणहून पाठवावे लागणार, आणि ते कोणत्या गावाचे, एवढाच निर्णय उरतो.

डिस्पॅचच्या टेबलावर हा निर्णय बहुधा सवयीने होतो. सर्वांत कमी दराची वाट आधी भरायची, मग त्याहून थोडी महाग, असे करत खाली यायचे. वरच्या तक्त्यावर ही रीत चालवली तर सांगलीहून कोल्हापूर ३०० रुपयांनी आधी भरते आणि मग ३५० रुपयांनी कराड. त्यानंतर चाकणहून संगमनेरचे ३० टन निघतात. पुढचा कमी दर सांगली ते सातारा, ५४० रुपये, म्हणून साताऱ्याचे पूर्ण ३५ टन सांगलीतून जातात. मग बारामतीचे ४० टन चाकणहून. आता सांगलीत उरतात १० टन. ते पंढरपूरला दिले की सांगलीचे गोदाम रिकामे होते, आणि पंढरपूरचे राहिलेले २० टन चाकणहून ९०० रुपये दराने न्यावे लागतात. एकूण भाडे येते १,००,६५० रुपये.

प्रत्येक पायरीला समोरचा सर्वांत कमी दर निवडला, तरी शेवट महागात पडला. साताऱ्याला सांगलीचा दर कमी आहे हे खरे, पण चाकणचा दरही फारसा जास्त नाही. दोन्हींत फक्त ६० रुपयांचे अंतर आहे. पंढरपूरला मात्र सांगली सुटली की टनामागे ३०० रुपये जास्त मोजावे लागतात. सांगलीचा माल मोजका असताना तो साताऱ्याला देऊन ६० रुपये वाचवले आणि पंढरपूरवर ३०० रुपये घालवले. चूक बेरजेत झालेली नाही. दराकडे पाहिले आणि फरकाकडे पाहिले नाही, तिथे ती झाली.

म्हणून दोन गोदामांच्या प्रश्नात तक्त्याला आणखी एक रकाना जोडायचा. प्रत्येक डीलरसाठी चाकणच्या दरातून सांगलीचा दर वजा करायचा. कोल्हापूरचा फरक ६५० येतो, कराडचा ४००, पंढरपूरचा ३०० आणि साताऱ्याचा ६०. बारामतीचा उणे १५० आणि संगमनेरचा उणे ६५०. फरक जितका मोठा, तितकी त्या डीलरला सांगलीची गरज जास्त. आता डीलर याच क्रमाने मांडायचे आणि सांगलीचा साठा वरून वाटत यायचे. कोल्हापूर ४०, कराड २५, पंढरपूर ३० असे ९५ टन जातात. उरलेले १५ टन साताऱ्याला मिळतात आणि सांगली संपते. साताऱ्याचे बाकी २० टन, बारामतीचे ४० आणि संगमनेरचे ३० असे ९० टन चाकणहून निघतात. भाडे होते ९५,८५० रुपये. आधीच्या मांडणीपेक्षा ४,८०० रुपये कमी.

आधीचा आराखडा चुकला आहे हे सगळे हिशेब पुन्हा न करताही ओळखता येते. त्यात पंढरपूरला चाकणहून माल जात होता आणि साताऱ्याला सांगलीहून. यातल्या एका टनाची अदलाबदल करून पाहायची. साताऱ्याचा एक टन चाकणहून पाठवला तर ५४० ऐवजी ६०० रुपये लागतात, म्हणजे ६० वाढले. त्यामुळे सांगलीत मोकळा झालेला टन पंढरपूरला दिला तर ९०० ऐवजी ६००, म्हणजे ३०० वाचले. गोदामांचा साठा आणि डीलरांची मागणी दोन्ही जिथल्या तिथे राहून टनामागे २४० रुपये हाती लागतात. अशी अदलाबदल २० टनांपर्यंत करता येते, आणि ते ४,८०० रुपये आले ते इथूनच. अशा एकाही अदलाबदलीत पैसा वाचेनासा झाला की आराखडा सर्वांत स्वस्त झाला, असे गणित सांगते. मोठ्या प्रश्नांतही तपासणीचे मूळ तत्त्व हेच असते. फक्त तिथे अदलाबदलीची साखळी दोन डीलरांपुरती न राहता लांबत जाते.

९५,८५० रुपयांच्या खाली खरोखरच जाता येणार नाही, याची खात्री आणखी एका प्रकारे पटते. सांगलीहून निघणाऱ्या प्रत्येक टनावर ६० रुपयांचा एक काल्पनिक अधिभार लावला असे समजू. सांगलीतून काहीही झाले तरी ११० टनच जाणार आहेत, त्यामुळे प्रत्येक आराखड्याच्या बिलात सारखेच ६,६०० रुपये वाढतात. कोणता आराखडा स्वस्त आणि कोणता महाग, हा क्रम त्याने बदलत नाही. पण या वाढीव दरांनी तक्ता पाहिला तर साताऱ्याला दोन्हीकडून ६०० रुपयेच पडतात. कोल्हापूर, कराड आणि पंढरपूरला सांगली अजूनही स्वस्त आहे, बारामती आणि संगमनेरला चाकण. म्हणजे वरच्या आराखड्यात प्रत्येक डीलर आपल्याला स्वस्त पडणाऱ्या गोदामातूनच माल घेतो आहे. प्रत्येक टन सर्वांत कमी दराने जात असेल तर बेरीज आणखी खाली कशी येणार?

हे ६० रुपये नुसते सिद्धतेपुरते नाहीत. सांगलीच्या गोदामात एक टन जास्त आणि चाकणला एक टन कमी असता, तर भाड्यात नेमके ६० रुपये वाचले असते. कारखान्यातून माल भरताना याचा थेट उपयोग होतो. सांगलीला माल पोहोचवायला चाकणपेक्षा टनामागे ६० रुपयांहून कमी जादा खर्च येत असेल, तर पुढच्या वेळी सांगलीला जास्त भरणे परवडते. पण तेही २० टनांपर्यंतच. त्यानंतर साताराही पूर्णपणे सांगलीकडे गेलेला असतो आणि आणखी माल भरून काही वाचत नाही.

फरकावरून क्रम लावण्याची ही रीत सोव्हिएत रशियात १९३० साली छापली गेली. ए. एन. टॉल्स्टॉय या अभ्यासकाने (कादंबरीकार टॉल्स्टॉय वेगळे) रेल्वेच्या मालवाहतुकीतले एकूण अंतर कमी कसे करावे यावर लेख लिहिला आणि दोन ठिकाणांहून अनेक ठिकाणी माल जात असेल तर अंतरांच्या फरकाप्रमाणे स्थानके मांडावीत, असे त्यात सांगितले. अदलाबदलीच्या साखळीने तपासण्याची कल्पनाही त्याच लेखात आहे. पुढे लिओनिद कांतोरोविच यांनी रशियात, तर फ्रँक हिचकॉक आणि त्यालिंग कूपमन्स यांनी अमेरिकेत हा प्रश्न स्वतंत्रपणे हाताळला. हिचकॉक यांचा लेख १९४१चा आहे. कूपमन्स दुसऱ्या महायुद्धात दोस्तराष्ट्रांच्या जहाजवाहतुकीच्या मंडळावर काम करत होते. माल उतरवलेली रिकामी जहाजे पुढे कुठे धाडावीत, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. कांतोरोविच आणि कूपमन्स यांना १९७५ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

व्यवहारात ही रीत वापरताना तक्त्यात कोणते खर्च धरायचे, हा प्रश्न लगेच येतो. फरकाचे तत्त्व लक्षात असले की त्याचे उत्तर सोपे आहे. डीलरच्या दुकानी पोती उतरवण्याची हमाली माल कुठूनही आला तरी तेवढीच असते. ती दोन्ही दरांत सारखी मिसळते आणि वजाबाकीत निघून जाते. गोदामातल्या भरणीची हमालीही आराखडा बदलत नाही, कारण सांगलीतून ११० टन भरले जाणारच आहेत. टोल मात्र वाटेप्रमाणे बदलतो, तो दरात आलाच पाहिजे. आणि दर म्हणजे किलोमीटर नव्हेत. चाकणला माल उतरवून कोल्हापूरकडे रिकामा परतणारा ट्रक असेल तर तो परतीच्या भाड्यात कमी पैशांत माल नेतो. नकाशावरच्या अंतरावरून बनवलेल्या तक्त्यात हे दिसत नाही. म्हणून दर ट्रान्सपोर्टरच्या चालू बिलांवरून घेतलेले बरे.

साठा आणि मागणी इतकी नेमकी जुळलेली फार क्वचित सापडते. साठा जास्त असेल तर उरणाऱ्या मालासाठी एक काल्पनिक डीलर धरतात. त्याला दोन्हीकडून भाडे शून्य, म्हणून त्याचा फरकही शून्य. क्रमात तो सातारा आणि बारामती यांच्यामध्ये बसतो. त्याच्या नावाने जो माल निघतो तो प्रत्यक्षात गोदामातच राहतो.

साठा कमी असला की प्रश्न नाजूक होतो. समजा चाकणला ९० ऐवजी ७०च टन आहेत. मग २० टनांची मागणी अपुरी राहणार. तिच्यासाठी काल्पनिक गोदाम धरून त्याचे भाडे शून्य ठेवले, तर गणित निमूटपणे पंढरपूरचे २० टन कापते, कारण तिथे माल न पाठवल्यानेच भाडे सर्वांत जास्त वाचते. पंढरपूरच्या डीलरला ३० पैकी १० टन मिळतात, बाकीच्या पाचही जणांना पूर्ण. यात त्या डीलरचा काहीही दोष नाही. त्याचे गाव लांब आहे, इतकेच. भाडे वाचवणे आणि धंदा सांभाळणे यांत इथे अंतर पडते, आणि हा निर्णय भाड्याच्या तक्त्यावर सोडणे अन्यायाचे आहे. तुटवड्यात आधी प्रत्येकाच्या मागणीत किती कपात करायची ते ठरवावे, आणि कापलेल्या मागणीवर मग हिशेब करावा.

दोन गोदामांच्या उत्तरात जास्तीत जास्त एकाच डीलरला दोन्हीकडून माल घ्यावा लागतो. क्रमाने वाटताना सांगलीचा साठा कुठेतरी एकाच ठिकाणी संपतो, म्हणून असे होते. इथे ते ठिकाण सातारा आहे. त्याच्याकडे दोन गोदामांतून दोन वेगळी बिले आणि वेगळ्या दिवशी पोहोचणाऱ्या गाड्या येतील. हे त्याला आधी सांगून ठेवणे गरजेचे आहे, नाहीतर १५ टन उतरल्यावर बाकीचा माल कुठे राहिला म्हणून फोन सुरू होतात.

सगळ्यात मोठी मर्यादा ट्रकची आहे. या गणितात भाडे टनावर चालते, रस्त्यावर मात्र ते बहुतेकदा गाडीवर ठरते. दहा टनांची गाडी धरली तर सांगलीहून साताऱ्याला जाणारे १५ टन म्हणजे दीड गाडी. दुसरी गाडी अर्धी रिकामी गेली तरी भाडे पूर्ण द्यावे लागते, आणि ८,१०० रुपयांऐवजी १०,८०० मोजावे लागतात. कराडचे २५ टनही अडीच गाड्यांचे आहेत. पण सांगलीहून साताऱ्याला जाताना कराड वाटेवरच लागते. पाच टन कराडला उतरवून तीच गाडी पुढे साताऱ्याला गेली, तर दोन्ही गावांचे ४० टन बरोबर चार गाड्यांत बसतात. वाहतूक समस्येला ही सोय दिसत नाही, कारण तिच्या लेखी प्रत्येक वाट स्वतंत्र असते आणि एका गावची गाडी दुसऱ्या गावी थांबत नाही. आराखडा हाती आल्यावर गाड्या जुळवण्याचे काम रस्ते माहीत असलेल्या माणसाने करायचे असते. गाड्या शेकड्यांनी असतील तर पूर्ण गाड्यांचे वेगळे गणित मांडावे लागते, आणि ते बरेच अवघड आहे.

गोदामे तीन किंवा अधिक झाली की वजाबाकीचा एक रकाना पुरत नाही, कारण प्रत्येक डीलरसाठी एकाऐवजी अनेक फरक तयार होतात. तेव्हा अदलाबदलीच्या साखळ्या पद्धतशीरपणे तपासाव्या लागतात किंवा काम संगणकावर सोपवावे लागते. एक्सेलमधले सॉल्व्हर त्यासाठी पुरेसे आहे. वरच्या उदाहरणात सहा डीलर आडवे आणि दोन गोदामे उभी मांडून दर `B2:G3` मध्ये आणि पाठवायचे टन `B6:G7` मध्ये ठेवले, तर एकूण भाड्याचे सूत्र असे होते:

```
=SUMPRODUCT(B2:G3,B6:G7)
```

हे कमीत कमी करायचे, असे सॉल्व्हरला सांगायचे. प्रत्येक ओळीची बेरीज गोदामाच्या साठ्याहून जास्त होऊ नये आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज डीलरच्या मागणीइतकी असावी, या अटी घालायच्या. पद्धत म्हणून `Simplex LP` निवडायची आणि टन ऋण होऊ नयेत म्हणून `Make Unconstrained Variables Non-Negative` या चौकटीवर खूण करायची. ही खूण राहिली तर सॉल्व्हर उणे टन पाठवून भाडे कमी करू पाहतो आणि उत्तर भलतेच येते. साठा आणि मागणी पूर्ण टनांत असतील तर उत्तरही पूर्ण टनांतच मिळते. त्यासाठी वेगळी अट लागत नाही.

डिझेल किंवा टोल वाढला की आराखडा नव्याने करावा लागेल का, हेही फरकांचा रकाना सांगतो. फरकांचा क्रम बदलत नाही तोवर वाटपही बदलत नाही, फक्त बिल बदलते. चाकणहून साताऱ्याचा दर ६०० वरून ७०० झाला तर साताऱ्याचा फरक १६० होतो, पण तो पंढरपूरच्या ३०० आणि बारामतीच्या उणे १५० यांच्या मधेच राहतो. त्यामुळे गाड्या आधीसारख्याच निघतात आणि भाडे २,००० रुपयांनी वाढते. हा दर ८४० रुपयांच्या वर गेला तर साताऱ्याचा फरक पंढरपूरला मागे टाकतो. मग सांगलीचा माल साताऱ्याला पूर्ण द्यावा आणि पंढरपूरचे २० टन चाकणहून पाठवावेत. दर ३९० च्या खाली आला तर सातारा पूर्णपणे चाकणकडे जातो आणि बारामतीचे १५ टन सांगलीकडे येतात. बाकीचे दर तेच असतील तर ३९० ते ८४० रुपयांच्या दरम्यान साताऱ्याच्या भावात कितीही चढउतार झाला तरी डिस्पॅचला आराखड्याला हात लावावा लागत नाही.